चूक सुधारून व्हिडिओ पुन्हा अपलोड करताना: टायटल, डिस्क्रिप्शन आणि जुन्या प्रेक्षकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरची सगळी उत्तरं यूट्यूबबद्दल आहेत आणि ती समजायला सोपी जावीत म्हणून सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे. समजा, तुमचं शेतीविषयक चॅनेल आहे आणि त्यावर बोर्डो मिश्रण बनवण्याचा ९ मिनिटं २० सेकंदांचा व्हिडिओ आहे. फवारणीसाठी १ टक्का बोर्डो मिश्रण म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. पण व्हिडिओत ४:१२ ला बोलण्याच्या ओघात "१० लिटर पाणी" असं निघून गेलं. १० लिटरचं प्रमाण हे खोडाला लावायच्या बोर्डो पेस्टचं. तेवढं तीव्र द्रावण पानांवर फवारलं तर पानं करपतात. व्हिडिओ वर्षभरापासून चॅनेलवर आहे, लोक अजून पाहतात, त्याची लिंक गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते आहे.

त्याच लिंकवर जुनी फाइल काढून नवी टाकता येते का?

नाही. यूट्यूबवर प्रत्येक अपलोडला स्वतःचा वेगळा आयडी मिळतो आणि त्या आयडीमागची फाइल बदलण्याची सोय नाही. जुन्या लिंकवरून नव्या लिंकवर आपोआप नेणारी सोयही नाही. जुन्या व्हिडिओवरचा माणूस नव्यापर्यंत पोहोचतो तो फक्त तुम्ही लिहिलेल्या मजकुरामुळे, म्हणून हे काम एडिटिंगपेक्षा लिखाणाचं जास्त आहे.

मात्र यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमध्ये चालू व्हिडिओचा मधला तुकडा कापता येतो. एखादा भाग धूसर करता येतो, आणि यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं संगीत लावता येतं. हे केल्यावर लिंक, व्ह्यूज आणि कमेंट सगळं जागच्या जागी राहतं. ६ तासांपेक्षा मोठा व्हिडिओ या एडिटरमध्ये चालत नाही. १ लाखाहून जास्त व्ह्यूज असलेल्या व्हिडिओत चेहरे धूसर करण्यापलीकडचे बदल सेव्ह होत नाहीत असंही होऊ शकतं. पार्टनर प्रोग्रॅममधल्या चॅनेलना ही अडचण नाही.

आपल्या उदाहरणात ४:०५ ते ४:३१ हा तुकडा कापला की चुकीचं वाक्य जातं. पण मग व्हिडिओत पाण्याचं प्रमाणच उरत नाही. कापण्याने नुकसान थांबतं, माहिती पुरी होत नाही. म्हणून इथे दोन्ही करायचं: जुन्यातून चुकीचा तुकडा काढायचा आणि पूर्ण व्हिडिओ नव्याने द्यायचा.

प्रत्येक चुकीसाठी नवा व्हिडिओ टाकायलाच हवा का?

नाही, आणि टाकूही नये. मी एकच कसोटी लावतो: व्हिडिओत सांगितलं तसं कुणी तंतोतंत केलं, तर त्याचं नुकसान होईल का? एखाद्या गावाचं नाव चुकलं, साल चुकलं, एखाद्या अवजाराचा उच्चार चुकला, तर नवा अपलोड हा अतिरेक आहे. त्यासाठी डिस्क्रिप्शनमध्ये दुरुस्ती लिहायची सोय आहे. `Correction:` हा शब्द इंग्रजीतच लिहावा लागतो, व्हिडिओ आणि बाकीचं डिस्क्रिप्शन मराठीत असलं तरीही. त्याखाली वेळ आणि दुरुस्ती:

```
Correction:
4:12 फवारणीसाठी पाणी 10 नव्हे, 100 लिटर
```

डिस्क्रिप्शनमध्ये चॅप्टर असतील तर हा भाग त्यांच्या खाली लिहायचा. वेळ इंग्रजी आकड्यांतच लिहावी. मग व्हिडिओ त्या जागी आला की दुरुस्ती असल्याचं कार्ड कोपऱ्यात दिसतं.

ही सोय चांगली आहे, पण ती वाचणाऱ्यासाठी आहे. शेतात फोन खिशात ठेवून ऐकणाऱ्या माणसाला ते कार्ड दिसत नाही, त्याच्या कानावर "१० लिटर" हेच पडतं. प्रमाण, औषधाचा डोस, विजेची जोडणी, परीक्षेची किंवा अर्जाची शेवटची तारीख, अशा ठिकाणी केवळ दुरुस्तीच्या ओळीवर अवलंबून राहू नये.

नवा व्हिडिओ तयार व्हायला दोन दिवस लागणार आहेत. तोवर जुन्याचं काय करायचं?

चूक कळल्याबरोबर कापण्याचं काम सुरू करा. कापलेली आवृत्ती तयार होईपर्यंत प्रेक्षकांना जुनीच दिसत राहते आणि याला कधी कधी कित्येक तास लागतात. म्हणून नुकसान होण्यासारखी चूक असेल तर तेवढ्या वेळापुरता व्हिडिओ प्रायव्हेट करावा. प्रायव्हेट केल्याने कमेंट पुसल्या जात नाहीत, व्हिडिओ पुन्हा पब्लिक केला की त्या परत दिसतात.

कापून झाल्यावर व्हिडिओ पुन्हा खुला करा, वर पिन केलेली कमेंट आणि डिस्क्रिप्शनची पहिली ओळ यांत योग्य प्रमाण लिहा, आणि नवा व्हिडिओ कधी येतो आहे तेही सांगा. फक्त "चूक झाली आहे, नवीन व्हिडिओ लवकरच" एवढंच लिहून ठेवणं उपयोगाचं नाही. ज्याला आजच फवारायचं आहे त्याला १०० हा आकडा आज हवा आहे.

कापल्यानंतर लगेच चॅप्टर तपासा, कारण त्यांच्या वेळा आपोआप बदलत नाहीत. आपल्या व्हिडिओत २६ सेकंद गेले, म्हणून ५:१० चा "द्रावण कसं मिसळायचं" हा चॅप्टर आता ४:४४ ला येतो आणि ७:३० ची "विळ्याची चाचणी" ७:०४ ला. एंड स्क्रीन आणि कार्डांच्या जागाही एकदा डोळ्यांखालून घाला.

नव्या व्हिडिओच्या टायटलमध्ये "सुधारित" किंवा "दुरुस्त आवृत्ती" लिहावं का?

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, आणि माझं मत ठाम आहे: लिहू नये. नव्या व्हिडिओला जुन्याचं स्वच्छ टायटल द्यावं आणि जुन्याचं टायटल बदलावं. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. जुन्याचं टायटल तसंच ठेवतात आणि नव्याला "बोर्डो मिश्रण (सुधारित, पुन्हा अपलोड)" असं नाव देतात.

यात अडचण अशी की नव्या व्हिडिओकडे येणारे बहुतेक लोक जुना पाहिलेले नसतात. ते "बोर्डो मिश्रण कसे बनवावे" असं शोधत येतात. त्यांना "सुधारित" म्हणजे कशात सुधारणा, हे कळत नाही. शिवाय त्याच वेळी शोधात जुनाही व्हिडिओ दिसत असतो, वर्षभराच्या व्ह्यूजसह आणि साध्या सरळ टायटलसह. माणूस तोच उघडतो. दोन्हींना तंतोतंत एकच टायटल देणं त्याहून वाईट, कारण मग निवड केवळ व्ह्यूजच्या आकड्यावर होते.

म्हणून अशी अदलाबदल करावी:

```
नवा: बोर्डो मिश्रण कसे बनवावे? 1% फवारणीचे योग्य प्रमाण
जुना: [जुना व्हिडिओ] योग्य प्रमाणासाठी नवा पाहा | बोर्डो मिश्रण
```

टायटलला १०० अक्षरांची मर्यादा आहे आणि त्यात मात्रा, अनुस्वार, हलन्त हेही वेगळे मोजले जातात, त्यामुळे देवनागरी टायटल वाटतं त्यापेक्षा लवकर भरतं. फोनवर तर पूर्ण १०० अक्षरं दिसतही नाहीत. "जुना व्हिडिओ" हे शब्द अगदी सुरुवातीला हवेत, शेवटी टाकले तर कुणाच्या नजरेस पडणार नाहीत. जुन्याच्या थंबनेलवरही मोठ्या अक्षरांत तेच लिहावं, कारण शोधाच्या यादीत आधी चित्र पाहिलं जातं.

डिस्क्रिप्शन, टॅग, सबटायटल जुन्यावरून जसंच्या तसं उचललं तर चालेल का?

अपलोड करताना जुन्या व्हिडिओचा तपशील पुन्हा वापरण्याचा पर्याय असतो. टायटल, डिस्क्रिप्शन, टॅग वगैरे त्याने भरले जातात आणि वेळ वाचतो. पण तो वापरताना एक धोका आहे. चूक फक्त बोलण्यात नसते. ज्याने १० लिटर म्हटलं, त्याने बहुधा डिस्क्रिप्शनमध्येही "साहित्य: मोरचूद १ किलो, पाणी १० लिटर" लिहिलेलं असतं. सबटायटलच्या फाइलमध्ये तेच वाक्य असतं. हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडलं असेल तर त्यातही तेच. चित्र आणि आवाज दुरुस्त झाला, पण सबटायटलमध्ये "१० लिटर" राहिलं, तर आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यासाठी नवा व्हिडिओही चुकीचाच आहे. म्हणून चुकीचा आकडा घेऊन सगळा मजकूर शोधा: डिस्क्रिप्शन, चॅप्टरची नावं, सबटायटल, भाषांतरं, थंबनेल, पिन करण्यासाठी लिहून ठेवलेली कमेंट.

दुसरी गोष्ट वेळांची. २६ सेकंदांच्या जागी नव्या व्हिडिओत ५८ सेकंदांचं नीट स्पष्टीकरण आलं, तर त्यापुढचं सगळं ३२ सेकंदांनी पुढे सरकतं. चॅप्टर असे होतील:

```
0:00 ओळख
1:20 साहित्य
3:40 फवारणीचे प्रमाण
5:42 द्रावण कसं मिसळायचं
8:02 विळ्याची चाचणी
```

पहिला चॅप्टर 0:00 ला, एकूण किमान तीन आणि प्रत्येक किमान १० सेकंदांचा, एवढं सांभाळलं की यूट्यूब ते ओळखतं. सबटायटलची `.srt` फाइल जुन्यावरून उतरवून घेतलीत तर ती ४:०५ नंतर तशीच्या तशी जुळणार नाही. तो भाग नव्याने लिहून पुढच्या सगळ्या ओळी ३२ सेकंदांनी सरकवाव्या लागतील.

टॅगवर फार वेळ घालवू नका. शोधात त्यांचा वाटा अगदी थोडा असतो. वेगवेगळ्या पद्धतीने लिहिल्या जाणाऱ्या शब्दांसाठी तेवढे ते कामाचे: मोरचूद, मोरचुद, बोर्डो, बोर्डोक्स.

नव्या डिस्क्रिप्शनच्या शेवटी एक प्रामाणिक नोंद मात्र हवी: आधीच्या व्हिडिओत काय चुकलं होतं, इथे काय बदललं, कोणत्या तारखेला. जुना पाहिलेला माणूस इथे आला तर दोन व्हिडिओंत दोन आकडे का, हे त्याला कळायला हवं. या नोंदीत जुन्याची लिंक देण्याची गरज नाही.

जुन्या व्हिडिओवरून नव्याकडे लोकांना नेमकं कसं आणायचं?

आधी नवा व्हिडिओ अनलिस्टेड ठेवून अपलोड करा. तेव्हाच त्याची लिंक मिळते. त्याच अवस्थेत सगळं तपासा, तो पब्लिक करा आणि लगेच जुन्यावरचा मजकूर बदला. उलट क्रमाने गेलात तर मधल्या वेळात जुन्यावर अर्धवट पत्ता राहतो.

जुन्याच्या डिस्क्रिप्शनमध्ये पहिल्या दोन ओळींना फार महत्त्व आहे. "आणखी" दाबल्याशिवाय त्याखालचं काही दिसत नाही आणि बहुतेक लोक ते दाबत नाहीत. तिथे चॅनेलची ओळख, सबस्क्राइब करा वगैरे काही नको. असं पुरे:

```
फवारणीसाठी पाणी 100 लिटर. योग्य प्रमाणाचा नवा व्हिडिओ:
https://youtu.be/NEWVIDEOID?t=220
```

शेवटच्या `t=220` मुळे व्हिडिओ थेट ३:४० ला, म्हणजे प्रमाणाच्या चॅप्टरला उघडतो. जुना पाहिलेल्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून बसवण्यात अर्थ नाही.

पिन केलेली कमेंट एका व्हिडिओवर एकच असते आणि नवी पिन केली की आधीची सुटते. तिच्यातही तेच लिहा, पण थोडं सविस्तर: काय चुकलं, योग्य काय, लिंक. इन्फो कार्ड एका व्हिडिओत पाचपर्यंत लावता येतात. इथे दोनच लावावीत, एक अगदी सुरुवातीला आणि एक जिथे तुकडा कापला त्या जागी, म्हणजे ४:०५ ला. तिथेच प्रेक्षकाला काहीतरी तुटल्यासारखं वाटतं, आणि उत्तरही तिथेच मिळायला हवं. एंड स्क्रीन शेवटच्या ५ ते २० सेकंदांत येते. तिच्यावरचे बाकीचे सगळे व्हिडिओ काढून फक्त हा नवा ठेवा. "प्रेक्षकासाठी योग्य" असा आपोआप निवडणारा पर्याय इथे नको.

व्हिडिओ "मुलांसाठी" म्हणून नोंदवलेला असेल तर कार्ड, एंड स्क्रीन आणि कमेंट तिन्ही मिळत नाहीत. तेव्हा टायटल, थंबनेल आणि डिस्क्रिप्शन यांवरच भिस्त. शॉर्ट्समध्ये डिस्क्रिप्शन आणि कमेंटमधल्या लिंकवर बोट ठेवून काही उघडत नाही, ऑगस्ट २०२३ च्या अखेरीपासून हे बंद आहे. शॉर्टला संबंधित व्हिडिओ जोडण्याचा पर्याय स्टुडिओत असतो, तो वापरा.

जुन्या व्हिडिओवरच्या कमेंट नव्यावर नेता येतात का?

नाही. पण जुन्या कमेंटमध्ये एक गट असा असतो, ज्याच्याकडे दुर्लक्ष करणं मला चुकीचं वाटतं. "दादा, तुम्ही सांगितलं तसं १० लिटरला केलं", "उद्या फवारतोय", "डाळिंबाला चालेल का" असं लिहिणारी माणसं. त्यांच्या प्रत्येकाच्या कमेंटखाली उत्तर लिहा. उत्तराची सूचना त्या माणसाला जाते, पिन केलेल्या कमेंटची जात नाही. सगळ्यांना एकच मजकूर चिकटवू नका, त्याने विचारलेल्या पिकाचं नाव घेऊन दोन ओळी लिहा. शे-दीडशे कमेंट असतील तर एक संध्याकाळ जाईल, पण या सगळ्या कामात सर्वांत खात्रीने पोहोचणारा निरोप हाच आहे. ज्यांनी फवारून झालं आहे त्यांना झाडं कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवायला सांगा.

सबस्क्रायबरना नोटिफिकेशन जाऊ द्यावं का?

अपलोडच्या वेळी सबस्क्रिप्शन फीडमध्ये दाखवून नोटिफिकेशन पाठवण्याची एक खूण असते, ती आधीपासून लावलेली असते. नुकसान होण्यासारखी चूक असेल तर ती तशीच ठेवा. जुना पाहिलेल्या बऱ्याच जणांपर्यंत पोहोचण्याचा तोच सरळ मार्ग आहे. केवळ आवाज कमी-जास्त होता किंवा चित्र हललं म्हणून पुन्हा टाकत असाल, तर खूण काढा. निर्णय पब्लिक करण्याआधीच घ्या.

जुना व्हिडिओ शेवटी डिलीट करायचा, प्रायव्हेट की अनलिस्टेड?

डिलीट तर नकोच. डिलीट आणि प्रायव्हेट या दोन्हींत जुनी लिंक उघडणाऱ्याला व्हिडिओ उपलब्ध नाही एवढंच दिसतं. ग्रुपवरून, कुणाच्या वेबसाइटवरून, कृषी सेवा केंद्रातल्या कागदावरून आलेला माणूस तिथेच थांबतो, किंवा मग दुसऱ्या कुणाचा तरी व्हिडिओ शोधतो. तुम्ही लिहिलेला योग्य आकडा त्याला दिसतच नाही.

अनलिस्टेडमध्ये व्हिडिओ शोधातून आणि चॅनेलच्या यादीतून जातो, पण लिंक चालू राहते आणि लिंकवर येणाऱ्याला टायटल, पिन केलेली कमेंट, कार्ड सगळं भेटतं. म्हणून जुन्याची शेवटची जागा अनलिस्टेड हीच. मात्र घाई नको. नव्याला शोधात जागा मिळेपर्यंत जुना पब्लिक राहिला तर त्याच्याकडे येणारी माणसं तुम्ही नव्याकडे वळवू शकता. चुकीचा तुकडा कापलेला असेल तरच हे थांबणं योग्य. कापता आला नसेल तर नवा पब्लिक होताच जुना अनलिस्टेड करा.

छोट्या चॅनेलनी इथे एक हिशेब लक्षात ठेवावा. पार्टनर प्रोग्रॅमच्या पात्रतेसाठी लागणाऱ्या ४,००० तासांत फक्त पब्लिक व्हिडिओंचे तास धरतात. तुम्ही उंबरठ्यावर असाल आणि त्यातले बरेच तास या एका व्हिडिओचे असतील, तर तो अनलिस्टेड केल्यावर आकडा खाली येईल. तरीही कापता न आलेला चुकीचा व्हिडिओ तासांसाठी पब्लिक ठेवणं मला मान्य नाही.

प्लेलिस्टमधून जुना वेगळा काढावा लागतो, कारण अनलिस्टेड व्हिडिओ प्लेलिस्टमध्ये तसाच राहतो. नवा त्याच क्रमांकावर ठेवा. तुमच्या इतर व्हिडिओंच्या डिस्क्रिप्शनमध्ये जुनी लिंक असेल तर स्टुडिओत ते सगळे व्हिडिओ निवडून एकदम शोधून बदलता येतं. शोधायला पूर्ण लिंक न देता फक्त आयडी द्या, कारण काही ठिकाणी लिंक `youtu.be` ने सुरू होते तर काही ठिकाणी `youtube.com/watch` ने. त्या व्हिडिओंची कार्डं आणि एंड स्क्रीन मात्र एकेक उघडूनच बदलावी लागतात.

व्ह्यूज आणि कॉपीराइटचं काय?

व्ह्यूज शून्यापासून. पार्श्वसंगीतावर आधी दावा आला असेल तर नव्या अपलोडची तपासणी पुन्हा होते, म्हणून तेच संगीत ठेवायचं का ते आधी ठरवा.

लोक खरंच जुन्याकडून नव्याकडे येत आहेत, हे कसं कळतं?

नव्या व्हिडिओच्या ॲनालिटिक्समध्ये प्रेक्षक कुठून आले हे पाहा. डिस्क्रिप्शनमधल्या लिंकवरून आलेले व्ह्यूज यूट्यूब "सुचवलेले व्हिडिओ" या स्रोतात धरतं. तो उघडला की कोणत्या व्हिडिओवरून लोक आले त्याची यादी दिसते, आणि त्यात जुन्याचं नाव वर असायला हवं. कार्ड आणि एंड स्क्रीनवर किती जणांनी बोट ठेवलं ते जुन्या व्हिडिओच्या ॲनालिटिक्समध्ये दिसतं.

जुन्यावर रोज लोक येत आहेत आणि नव्याच्या यादीत मात्र तो जवळपास नाही, असं असेल तर आधी फोनवरून जुना उघडून पाहा. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं: लिंक डिस्क्रिप्शनच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत गेलेली असते किंवा पिन सुटलेली असते. जुन्याकडे शोधातून येणारे अगदी थोडे उरले आणि बहुतेक बाहेरच्या लिंकवरून येऊ लागले, की त्याला अनलिस्टेड करण्याची वेळ आली असं समजा.

जुन्या व्हिडिओची फाइलच कुणी उतरवून व्हॉट्सॲपवर पाठवली असेल तर?

त्या फाइलला तुमचं टायटल, कमेंट, कार्ड काहीच चिकटलेलं नसतं, त्यामुळे वर सांगितलेलं काहीही तिथे पोहोचत नाही. तिच्यामागे तशीच सहज पुढे ढकलता येईल अशी गोष्ट पाठवावी लागते. नव्या व्हिडिओतला प्रमाणाचा ५८ सेकंदांचा तुकडा वेगळा काढा, त्यावर चॅनेलचं नाव आणि तारीख चित्रातच लिहा, म्हणजे पुढे पाठवताना ती गळणार नाही. सोबत चार ओळींचा मजकूर द्या:

```
आमच्या जुन्या व्हिडिओत बोर्डो मिश्रणासाठी 10 लिटर पाणी सांगितलं गेलं. ते चूक आहे.
फवारणीसाठी: मोरचूद 1 किलो + कळीचा चुना 1 किलो + पाणी 100 लिटर.
10 लिटरचं प्रमाण फक्त खोडाला लावायच्या पेस्टचं आहे.
जुना व्हिडिओ ज्या ग्रुपवर आला होता, त्याच ग्रुपवर हा संदेश पाठवा.
```